फ्लॅटचा ताबा लांबला: ग्राहक आयोगात जाण्याआधीच्या नोटिशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (वडोदरा)

वडोदऱ्यातली मराठी माणसं घरी मराठी बोलतात आणि बिल्डरच्या ऑफिसात गुजराती. म्हणून ताबा अडकला की कागद घेऊन ती माझ्यासारख्या, दोन्ही भाषा वाचणाऱ्या वकिलाकडे येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. इथे फक्त नोटिशीबद्दलचे घेतले आहेत. आयोगातली पुढची सुनावणी हा वेगळा विषय आहे, तिला ओझरता स्पर्श केला आहे.

नोटीस पाठवल्याशिवाय तक्रार करता येत नाही, असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अशी अट कुठेही नाही. बिल्डरला एक ओळही न लिहिता तुम्ही थेट तक्रार दाखल केलीत, तरी केवळ त्या कारणावरून ती फेटाळली जाणार नाही.

तरीही नोटीस द्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. कारण ती तुमच्या फाइलीतला पहिला नीट कागद असते. तोपर्यंत तुमच्याकडे असतात व्हॉट्सॲपवरचे ‘दिवाळीपर्यंत नक्की’, साइटवर उभ्याने झालेली बोलणी आणि एखादा रागाचा ईमेल. नोटीस दिली की तारीख, रक्कम आणि मागणी एका पानावर बसतात. बिल्डरने उत्तर दिलं तर तो स्वतःच्या कारणांना बांधला जातो, आयोगात नवी कारणं काढणं त्याला जड जातं. उत्तर दिलं नाही, तर ते मौनही नोंदवता येतं. आणि काही वेळा, आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळा, हिशेब समोर आल्यावर बिल्डर बोलायला बसतो.

नोटीस दिली म्हणजे मुदत थांबते ना?

नाही, आणि इथेच लोकांचं नुकसान होतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करायची असते (कलम ६९). नोटिशीमुळे ही मुदत थांबतही नाही आणि वाढतही नाही.

ताबा न मिळण्याच्या प्रकरणात एक दिलासा आहे. ताबा मिळत नाही तोवर तक्रारीचं कारण चालूच राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मीरत विकास प्राधिकरणाच्या २०१२ च्या प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून ताब्याच्या तारखेला चार वर्षं उलटली तरी दार बंद होत नाही. पण या दिलाशावर टेकून बसू नका. बिल्डरने बीयू, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळवून ताबा देऊ केला, की घड्याळ वेगळ्या पद्धतीने मोजलं जाऊ लागतं, आणि मग वकील तारखांवरच भांडत बसतात. मूळ तारखेपासून २ वर्षांच्या आत तक्रार बसत असेल, तर त्याच आत बसवा.

बीयू म्हणजे नेमकं काय, आणि नोटिशीत त्याचा उल्लेख का करायचा?

महाराष्ट्रात ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात, त्याला इथे बिल्डिंग युज परवानगी म्हणतात, बोलीत नुसतं ‘बीयू’. शहरात ती महानगरपालिका देते, हद्दीबाहेर वुडा, म्हणजे वडोदरा नगरविकास प्राधिकरण. बीयू नसलेल्या इमारतीची चावी हातात देणं म्हणजे कायद्याच्या अर्थाने ताबा नव्हे.

आपल्याकडची नेहमीची युक्ती अशी: ताब्याची तारीख टळली की बिल्डर फर्निचर करायला चावी देतो आणि म्हणतो, ‘बीयू आठ दिवसांत येते आहे, तुम्ही पूजा करून घ्या.’ आठ महिने जातात. मग नोटीस आली की उत्तर येतं, ‘ताबा तर कधीच दिला.’ म्हणून मागणी लिहिताना ‘ताबा द्या’ एवढंच लिहू नका. ‘बीयू मिळालेल्या इमारतीतील फ्लॅटचा ताबा, बीयूच्या प्रतीसह’ असं लिहा. चावी आधीच घेतली असेल तर तेही सांगून टाका: अमुक तारखेला फक्त आतल्या कामासाठी चावी दिली, तेव्हा बीयू नव्हती. लपवलंत तर तो मुद्दा बिल्डरच्या हातात जातो.

आमच्या बानाखतात ताब्याची तारीख एक, रेराच्या वेबसाइटवर दुसरी. कोणती धरायची?

बानाखतातली. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: विक्रीच्या नोंदणीकृत कराराला गुजरातेत बानाखत म्हणतात. शेवटी होतो तो दस्तावेज.) प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डर रेराला जी तारीख देतो, ती त्याने स्वतः ठरवलेली असते आणि पुढे तो ती वाढवूनही घेतो. इंपीरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पाटणी या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खरेदीदाराचा हक्क करारातल्या तारखेवरून मोजायचा, रेरा नोंदणीच्या मुदतीवरून नाही. नोटिशीत हे एक वाक्य घाला. बिल्डरचं ‘रेराने आम्हाला मुदत दिली आहे’ हे उत्तर ठरलेलंच असतं.

बानाखतात तारीखच नसेल, किंवा ‘अंदाजे’ लिहून सोडून दिली असेल, तर फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध ट्रेव्हर डिलिमा (२०१८) उपयोगी पडतो. तिथे न्यायालयाने साधारण ३ वर्षं हा वाजवी काळ धरला होता.

सहा महिन्यांच्या सवलतीचं कलम असेल तर ते नीट वाचा. बहुतेक बानाखतांत ही सवलत ‘बिल्डरच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी’ असते, आपोआप मिळणारी नसते. कारण त्याला दाखवावं लागतं.

एक पूर्ण हिशेब करून दाखवाल का?

दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतले आहेत, पण अशा फाइली मी पाहिल्या आहेत.

मांजलपुरात भाड्याने राहणारं एक जोडपं. वासणा-भायली रस्त्याच्या बाजूला ४६ लाखांचा फ्लॅट. बानाखत १८ मार्च २०२१ चं, ताबा ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत. ९० टक्के म्हणजे ४१,४०,००० रुपये नोव्हेंबर २०२३ पर्यंत भरून झाले, त्यातले ३४ लाख बँकेचे. उरलेले ४,६०,००० ताब्याच्या वेळी द्यायचे. नोटीस निघते आहे ८ सप्टेंबर २०२५ ला.

त्यांना फ्लॅटच हवा आहे, पैसे नको आहेत. म्हणजे मागणी ताब्याची आणि उशिराच्या भरपाईची. सगळे हप्ते ताब्याच्या तारखेआधी भरलेले असल्यामुळे हिशेब सरळ आहे. ४१,४०,००० वर वर्षाला ९ टक्के म्हणजे ३,७२,६००, महिन्याला ३१,०५०. १ जानेवारी २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२५ हे २० महिने, म्हणून ६,२१,०००. पुढे ताबा मिळेपर्यंत दरमहा ३१,०५०.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर आरिफुर रहमान खान विरुद्ध डीएलएफ सदर्न होम्स (२०२०) मध्ये उशिराच्या ताब्यासाठी वर्षाला ६ टक्के दिले होते. ९ टक्के प्रामुख्याने पैसे परत करण्याच्या प्रकरणांत दिसतात, उदाहरणार्थ एक्स्पेरियन विरुद्ध सुषमा शिरूर (२०२२). म्हणून या जोडप्याने मनाशी दुसरा आकडाही ठेवावा: ६ टक्क्यांनी महिन्याला २०,७००, २० महिन्यांचे ४,१४,०००. नोटिशीत ९ टक्के मागायला हरकत नाही. पण बिल्डर समेटाला आला तर आपला तळ कुठे आहे, हे घरातल्या दोघांना माहीत हवं.

हे दोन्ही आकडे शेवटच्या हप्त्याशेजारी ठेवा. बिल्डरला ४,६०,००० येणं आहे. ६ टक्क्यांनी त्याचं देणं ४,१४,००० होतं, म्हणजे खरेदीदाराने फक्त ४६,००० द्यायचे उरतात. ९ टक्क्यांनी उलट बिल्डरच १,६१,००० देणं लागतो. नोटिशीत ‘बीयू आल्यावर शेवटचा हप्ता भरायला आम्ही तयार आहोत, भरपाई त्यातून वजा करावी’ असं लिहिलं, की बिल्डरला रोख पैसे काढावे लागत नाहीत आणि बोलणी पुढे सरकतात. माझ्या अनुभवात मोठमोठ्या कलमांच्या यादीपेक्षा या एका ओळीचा उपयोग जास्त होतो.

भाडं, बँकेचं व्याज, मनस्ताप, सगळं वेगवेगळं मागू का?

मागता येतं, पण सगळं मिळेल अशी आशा ठेवू नका. एकाच चुकीसाठी अनेक शीर्षकांखाली भरपाई देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डीएलएफ होम्स पंचकुला विरुद्ध धांडा (२०१९) मध्ये म्हटलं. ग्रेटर मोहाली विकास प्राधिकरणाच्या २०२५ च्या निकालात तर, रकमेवर व्याज दिल्यावर खरेदीदाराच्या गृहकर्जाचं व्याज वेगळं द्यायची जबाबदारी बिल्डरवर टाकता येत नाही, असं ठरलं.

वरच्या जोडप्याचं भाडं १४,००० धरलं, तर २० महिन्यांचे २,८०,००० होतात. ते ६,२१,००० मध्ये मिळवून ९ लाखांची मागणी केली की नोटीस भारदस्त दिसते, पण बिल्डरचा वकील ती वाचून निश्चिंत होतो. फुगवलेला आकडा पाडणं त्याच्यासाठी सोपं काम आहे. मी एक मुख्य शीर्षक ठेवतो, म्हणजे व्याज. मनस्ताप आणि खर्च यांची एक माफक रक्कम वेगळी मागतो. भाड्याच्या पावत्या मात्र जोडतो, हानी खरोखर झाली हे दिसावं म्हणून.

आम्हाला आता फ्लॅट नकोच. पैसे परत मागायचे असतील तर नोटीस कशी बदलते?

दोन गोष्टी बदलतात. एक, व्याज ताब्याच्या तारखेपासून न मोजता प्रत्येक हप्ता भरल्याच्या तारखेपासून मोजायचं. त्यासाठी पावत्यांवरून तारीखवार यादी करावी लागते, आणि बँकेने थेट दिलेल्या हप्त्यांच्या तारखा कर्जाच्या खातेउताऱ्यावरून घ्याव्या लागतात.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे आणि ती जास्त महत्त्वाची. ‘आम्ही बुकिंग रद्द करत आहोत’ असं चुकूनही लिहू नका. जवळजवळ प्रत्येक बानाखतात खरेदीदाराने रद्द केल्यास अमुक टक्के कापून घेण्याचं कलम असतं. तुम्ही स्वतः ‘रद्द’ लिहिलंत, की बिल्डर ते कलम काढतो. लिहायचं असं: ‘आपण ठरलेल्या तारखेला ताबा न देऊन कराराचा भंग केला आहे. म्हणून भरलेली संपूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, व्याजासह परत करावी.’ अर्थ तोच वाटतो, पण भंग कोणी केला हे स्पष्ट राहतं. असली एकतर्फी कलमं अनुचित व्यापार प्रथा ठरतात, असं पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन (२०१९) सांगतो. पण आपणच खड्डा खणून मग त्या निकालाची शिडी कशाला लावायची?

एक मर्यादाही सांगतो. बीयू मिळून ताब्याचं पत्र आल्यानंतर पैसे परत मागणं अवघड होतं. इरिओ ग्रेस रिअलटेक (२०२१) मध्ये ज्यांच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यांना ताबाच घ्यायला सांगितलं गेलं, उशिराच्या भरपाईसह. म्हणून पैसे परत हवे असतील तर निर्णय बीयूच्या आधी घ्या आणि नोटीसही आधी पोहोचवा. ‘बघू या, अजून दोन महिने’ इथे महाग पडतं.

ताबा किंवा पैसे, दोन्ही लिहून ठेवू का?

तक्रारीत पर्यायी मागणी चालते. नोटिशीत मात्र पहिली मागणी एकच आणि ठाम असावी. नवऱ्याला पैसे हवेत, बायकोला फ्लॅट हवा, आणि नोटिशीत दोघांचं समाधान केलेलं, असे कागद मी पाहिले आहेत. बिल्डर अशा नोटिशीला उत्तर देताना त्याला सोयीचा पर्याय निवडतो. आधी घरात ठरवा, मग लिहा.

नोटीस वकिलाकडूनच जायला हवी का? मराठीत चालेल?

स्वतःच्या सहीने दिलेली नोटीस तितकीच वैध आहे. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. वकिलाच्या लेटरहेडचा बिल्डरवर परिणाम थोडा जास्त होतो, एवढंच. बानाखतात दोघांची नावं असतील तर नोटीस दोघांच्या वतीने द्या.

भाषा गुजराती किंवा इंग्रजी ठेवा. मराठीवर बंदी नाही, पण नोटीस पुढे आयोगाच्या फाइलीत जाणार आहे, तिथे भाषांतर जोडायची वेळ येते. दांडिया बाजारातल्या एका काकांनी अस्खलित मराठीत पाच पानी नोटीस दिली होती. वाचनीय होती. बिल्डरने ‘समजली नाही’ म्हणून ठेवून दिली.

मजकूर किती मोठा असावा?

दोन पानं. आधी बानाखताची तारीख, नोंदणी क्रमांक, फ्लॅट क्रमांक आणि रेरा नोंदणी क्रमांक. मग किंमत, भरलेली रक्कम, आणि सर्व हप्ते वेळेवर भरल्याचं विधान. (एखादा उशिरा भरला असेल तर तारखेसह सांगा, बिल्डरच्या उत्तरात ते पहिलं येणार आहे.) फ्लॅट स्वतः राहण्यासाठी घेतला, हे वाक्य विसरू नका, कारण व्यापारी हेतूने घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. त्यानंतर ताब्याची तारीख आणि आजची स्थिती, फोटोंसह. मग मागणी.

वरच्या जोडप्याची मागणी मराठीत सांगायची तर अशी होते: ‘ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत बीयू मिळण्याची निश्चित तारीख लेखी कळवावी. बीयूच्या प्रतीसह ताबा द्यावा. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्यक्ष ताब्यापर्यंत ४१,४०,००० रुपयांवर वार्षिक ९ टक्के दराने भरपाई द्यावी. ३१ ऑगस्ट २०२५ अखेर ती ६,२१,००० रुपये होते. ताबा देताना भरपाईचा हक्क सोडल्याचं कोणतंही पत्र मागू नये. अन्यथा आम्ही ग्राहक आयोगात तक्रार करू आणि त्याचा खर्च आपल्यावर राहील.’

फसवणुकीचे गुन्हे, अटक, वर्तमानपत्रात नाव छापणं, या धमक्या घालू नका. तुमची नोटीस उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत.

कोणाच्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावर?

ब्रोशरवर प्रकल्पाचं नाव असतं, पण प्रकल्प म्हणजे कायदेशीर व्यक्ती नव्हे. बानाखतावर विक्रेता म्हणून ज्याची सही आहे त्याला नोटीस जाते. वडोदऱ्यात बरेच प्रकल्प भागीदारी पेढीचे असतात. अशा वेळी पेढीला आणि प्रत्येक भागीदाराला वेगळी प्रत पाठवा. भागीदारांची नावं gujrera.gujarat.gov.in वरच्या प्रकल्पाच्या पानावर सापडतात. कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता mca.gov.in वर पाहा. जमीनमालकाने बानाखतावर संमतीदार म्हणून सही केली असेल, तर एक प्रत त्यालाही.

साइट ऑफिसच्या एकाच पत्त्यावर पाठवणं ही सर्रास होणारी चूक आहे. ताबा रखडला की साइट ऑफिस बंद होतं आणि पाकीट परत येतं. बानाखतातला पत्ता, रेरावरचा पत्ता आणि नोंदणीकृत पत्ता, तिन्हीकडे पाठवा.

रजिस्टर एडी बंद झालं म्हणतात. आता कशाने पाठवायची?

टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीचा पुरावा मागून घ्या, आणि ट्रॅकिंगच्या पानाची प्रत लगेच काढून ठेवा, कारण ही माहिती वेबसाइटवर कायम राहत नाही. सोबत बानाखतातल्या किंवा रेरावरच्या ईमेलवर पीडीएफ पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर ती जोड समजा, मुख्य मार्ग नव्हे.

पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘अनक्लेम्ड’ असा शेरा घेऊन परत आलं. आता?

ते उघडू नका. शेऱ्यासह बंद पाकीट हाच पुरावा आहे. योग्य पत्त्यावर, पैसे भरून, नोंदणी टपालाने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो (सामान्य वाक्यखंड अधिनियम, कलम २७), आणि नकार दिला म्हणून बिल्डर सुटत नाही. ‘लेफ्ट’ म्हणजे पत्ता सोडून गेले असा शेरा आला, तर मात्र दुसरा पत्ता शोधून पुन्हा पाठवा. तिथे पत्ता योग्य होता की नाही, हाच प्रश्न उभा राहतो.

बिल्डरने उत्तर दिलं: कोविड, मजुरांची टंचाई, कॉर्पोरेशनचा उशीर. मी प्रत्युत्तर पाठवू का?

पत्रापत्री करत बसायची गरज नाही. उत्तरात एखादी साफ खोटी गोष्ट असेल, उदाहरणार्थ ‘तुम्ही तीन हप्ते थकवले’, तर तेवढी एका परिच्छेदात, पावत्या जोडून, खोडून काढा.

कोविडचं कारण तारखेवर तपासायचं. केंद्राने मे २०२० मध्ये, २५ मार्च २०२० किंवा त्यानंतर संपणाऱ्या रेरा नोंदण्यांना सहा महिने वाढवून देण्याची सूचना केली होती. आपल्या उदाहरणातलं बानाखत मार्च २०२१ चं आहे. पहिली लाट आणि टाळेबंदी पाहिल्यानंतर बिल्डरने स्वतः डिसेंबर २०२३ ची तारीख लिहून दिली. दुसऱ्या लाटेचे काही आठवडे तो मागू शकेल, पण त्यातून २० महिने निघत नाहीत. बीयू रखडली म्हणत असेल, तर त्याने अर्ज केव्हा केला हे माहिती अधिकारात महानगरपालिकेला विचारा. अर्जच उशिराचा असेल, तर त्याचं कारण तिथेच संपतं.

बिल्डर म्हणतो, नवीन तारखेच्या करारावर सही करा, मग बघू.

सही करण्याआधी तो कागद दोन दिवस घरी आणा. ‘पुरवणी करार’ या नावाखाली ताब्याची तारीख पुढे ढकलली जाते आणि आधीच्या उशिराबद्दल तक्रार नाही, असं एक वाक्य आत बसवलेलं असतं. समेट हवाच असेल, तर नव्या तारखेसोबत आतापर्यंतच्या भरपाईची रक्कम आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचा दर त्याच कागदावर लिहून घ्या. ‘भरपाईचा हक्क सोडला’ असं पत्र घेतल्याशिवाय चावी द्यायची नाही, हा आग्रह रहमान खान प्रकरणात न्यायालयाने रास्त मानला नव्हता. पण दबावाखाली सही केली हे सांगत बसण्यापेक्षा, सही करताना हक्क राखून ठेवल्याचं एक वाक्य हाताने लिहिणं बरं.

बानाखतात लवादाचं कलम आहे. मग ग्राहक आयोग बंद?

नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्येच हा प्रश्न मिटला आहे.

रेरा की ग्राहक आयोग? नोटिशीत दोन्ही लिहू?

दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत, निवडायचा एक. रेराखाली व्याजाचा दर नियमांनी ठरलेला असतो, गुजरातेत तो स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर, म्हणजे बँकेचा किमान कर्जदर, अधिक २ टक्के, म्हणजे आयोगात सहसा मिळणाऱ्या ६ ते ९ टक्क्यांहून कमी नसतो. नुसत्या व्याजाचं प्रकरण असेल तर मी अशिलाला हे आधी सांगतो. खरेदीदाराला आपल्या गावात तक्रार हवी असेल, किंवा निकृष्ट काम, न दिलेल्या सोयी, मनस्ताप असं सगळं एकत्र मांडायचं असेल, तर आयोग बरा. नोटिशीत मार्गाचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. ‘योग्य त्या प्राधिकरणासमोर’ असं मोघम लिहून निर्णय महिनाभर राखून ठेवता येतो.

१५ दिवस झाले, उत्तर नाही. तक्रार कुठे?

भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, ५० लाखांवर २ कोटींपर्यंत अहमदाबादच्या राज्य आयोगात, त्यावर राष्ट्रीय आयोगात. मोजायचं ते प्रत्यक्ष भरलेलं मूल्य, मागितलेली भरपाई नव्हे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. आपल्या जोडप्याचे ४१,४०,००० भरलेले आहेत, म्हणून वडोदऱ्याचा जिल्हा आयोग, आणि शुल्क १,००० रुपये. एक बारीक गोष्ट: बानाखतातलं कलमच ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून मागायचं असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगापासून वर आहे. उशिराच्या भरपाईसाठी एवढ्या लांब जायची सहसा गरज पडत नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि फ्लॅट त्याच्या नावावर वडोदऱ्यात आहे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. नोटीस, पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची प्रत आणि परत आलेल्या पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो, हे एका पीडीएफमध्ये सलग लावा. व्हॉट्सॲपवरचे संदेश जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत ठेवा, आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका.

नोटिशीनंतर बँकेचा हप्ता थांबवू का?

नाही. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे. थकबाकी दिसली तर तिचा त्रास तुमच्या नावाला होतो, बिल्डरला त्याचं काही नाही. पैसे परत मागत असाल तर बँकेला नोटिशीची प्रत माहितीसाठी द्या, कारण परतावा आलाच तर आधी तिचे पैसे वळते होतील.

बिल्डर दिवाळखोरीत गेला तर?

मग नोटीस आणि तक्रार दोन्ही बाजूला राहतात. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीविरुद्धच्या कारवाया थांबतात (दिवाळखोरी संहिता, कलम १४), आणि फ्लॅटधारकाला नेमलेल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत दावा भरावा लागतो. म्हणून नोटीस लिहायला बसण्याआधी कंपनीचं नाव एकदा न्यायाधिकरणाच्या वेबसाइटवर टाकून पाहतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि भागीदारी पेढी असेल तर त्याचीही गरज नाही.